पाच टक्क्यांवर क्रॅश वाढले: थांबायचं की थांबवायचं?

*आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपचे साधारण दोन लाख वापरकर्ते आहेत. नवं व्हर्जन काल ५ टक्के लोकांना सोडलं. आज सकाळपर्यंत तीन हजार जणांनी ते उघडलं आणि त्यातल्या २१ जणांकडे क्रॅश झालं, म्हणजे क्रॅश-फ्री ९९.३. एरवी ते ९९.६ असतं. टीममधले म्हणतात, इतक्या छोट्या आकड्यावर काही ठरत नाही, दोन दिवस बघूया. रोलआउट नेमकं कधी थांबवायचं? आणि थांबवल्यावर पुढे काय?*

आत्ता थांबवा आणि मग तपासा. रोलआउट थांबवणं म्हणजे व्हर्जन रद्द करणं नव्हे. तपासणीत काही निघालं नाही तर संध्याकाळी तेच व्हर्जन तिथूनच पुढे चालू करता येतं. त्यात तुमचा अर्धा दिवस जाईल. थांबवलं नाही आणि दोष खरा निघाला, तर दोन दिवसांत तो आणखी काही हजार फोनवर जाऊन बसेल, आणि तिथून तो काढायची सोय प्ले स्टोअरमध्ये नाही.

आता तुमच्या टीमच्या शंकेकडे येतो, कारण ती बिनबुडाची नाही. ०.४ टक्के हे नेहमीचं प्रमाण धरलं तर तीन हजारांत १२ जणांकडे क्रॅश व्हायला हवं होतं. पण दर वेळी बरोबर १२ येत नाहीत, कधी ८ येतात तर कधी १६. अशा मोजणीत नैसर्गिक चढउतार किती असतो याचा साधा अंदाज म्हणजे अपेक्षित आकड्याचं वर्गमूळ. १२ चं वर्गमूळ साधारण साडेतीन. तुमचे २१ हे १२ पेक्षा ९ ने जास्त आहेत, म्हणजे अडीच पट चढउतारापेक्षाही थोडे वर. व्हर्जन निर्दोष असताना २१ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता शंभरात एखाद्या वेळेइतकीच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. तुम्ही डॅशबोर्ड दर तासाला उघडत असाल, तर शंभरात एकदा येणारा योगायोग महिन्यातून बऱ्याचदा समोर येणार. म्हणून मी दोन पातळ्या ठेवतो. अपेक्षित आकडा अधिक वर्गमूळाची दुप्पट, ही ओलांडली की माणूस सगळं काम बाजूला ठेवून बघायला बसतो. अपेक्षित आकडा अधिक वर्गमूळाची तिप्पट, ही ओलांडली की कुणाला न विचारता रोलआउट थांबतं. तुमच्या उदाहरणात या पातळ्या १९ आणि २३ येतात. तुम्ही दोन्हींच्या मध्ये आहात, म्हणून निर्णय माणसाने घ्यायचा आहे, आणि थांबवण्याचा खर्च इतका कमी असताना मी थांबवण्याकडेच झुकेन. या पातळ्या व्हर्जन सोडण्याआधी लिहून ठेवा. आकडे समोर आल्यावर पातळी ठरवायला बसलं की चर्चा व्हर्जनवरून सरकून ‘शुक्रवारपर्यंत पोहोचायचंय’ यावर जाते.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. १ टक्का सोडला आणि पहिल्या दिवशी सहाशे जणांनी उघडलं, तर अपेक्षित क्रॅश दोन-तीन. प्रमाण दुप्पट झालं तरी चार-पाच दिसतील, आणि दोन आणि पाच यांत फरक सांगता येत नाही. म्हणजे १ टक्क्याच्या पायरीवर फक्त मोठी आग दिसते: प्रत्येकाकडे सुरू होतानाच बंद पडणारं अ‍ॅप, लॉगिनच न होणं. प्रमाण दुप्पट झाल्यासारखा मधला दोष दिसायला हजारो लोक लागतात. ‘१ टक्क्यावर काही आलं नाही’ हे वाक्य म्हणून मी फार ओढत नाही. एखादा क्रॅश तीन हजारांत एकदाही दिसला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तो हजारात एकापेक्षा जास्त लोकांना होत नसावा. दोन लाखांत हजारी एक म्हणजे दोनशे माणसं.

इथे भाजक म्हणून ‘उघडलेल्यांची’ संख्या घ्यायची, सोडलेल्यांची नाही. ५ टक्के म्हणजे दहा हजार जण पात्र झाले. त्यातल्या किती फोननी अपडेट उतरवलं आणि किती जणांनी त्यानंतर अ‍ॅप उघडलं, ही वेगळी गोष्ट आहे. अंश मोजताना क्रॅश न मोजता माणसं मोजा. सुरू होतानाच बंद पडणारं अ‍ॅप माणूस पाच-सहा वेळा उघडून बघतो, आणि एकट्याचे सहा क्रॅश होतात.

तुलना कशाशी करायची, यात सर्वात जास्त चुका होतात. संपूर्ण अ‍ॅपचा एकत्र आकडा बघू नका. ५ टक्के लोकांकडे क्रॅश चौपट झाले तरी एकत्र आकडा ०.४ वरून ०.४६ वर जातो, आणि तो कुणाच्या डोळ्यात भरत नाही. नवं व्हर्जन एकीकडे आणि जुनं दुसरीकडे, त्याच तासांसाठी, अशी मांडणी हवी. त्यातही एक खोट राहते: पहिल्या दिवशी अपडेट होणारे फोन हे सगळ्या फोनांचा सरासरी नमुना नसतात. ते वाय-फायवर आणि चार्जिंगला असतात, आणि त्यांचे मालक अ‍ॅप वारंवार वापरणारे असतात. जास्त वापर म्हणजे क्रॅशला जास्त संधी. म्हणून मी तिसरी एक ओळही ठेवतो: मागच्या दोन-तीन व्हर्जनचा *त्यांचा* पहिला दिवस कसा होता. मागच्या व्हर्जनचाही पहिला दिवस ०.६ असेल आणि नंतर तो ०.४ वर आला असेल, तर तुमचे २१ एकदम साधे वाटू लागतात, कारण मग अपेक्षित आकडाच १८ होतो. तपासायला बसलात की पहिली हीच गोष्ट बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे ते २१ जण कशाने पडले. माझ्या लेखी ही टक्केवारीपेक्षा मोठी खूण आहे. क्रॅशची नोंद ठेवणारं कुठलंही साधन सारख्या स्टॅक ट्रेसचे क्रॅश एका गटात टाकतं. २१ जण पंधरा जुन्या गटांत विखुरलेले असतील, तर तो नेहमीचाच गोंगाट थोडा मोठ्याने ऐकू येतोय. पण त्यातले आठ-नऊ जण एकाच गटात असतील, आणि तो गट जुन्या व्हर्जनमध्ये अस्तित्वातच नसेल, तर वर्गमूळाचा हिशोब बंद करा. ज्याचं नेहमीचं प्रमाण शून्य होतं त्याचे नऊ आले आहेत, तो योगायोग नव्हे. उलट बाजूनेही हे खरं आहे: एकूण आकडा अगदी नेहमीसारखा असताना आत असा नवा गट बसलेला असू शकतो.

हे मी शिकलो ते एका जुन्या कामावर. अ‍ॅप तुमच्याएवढंच होतं, लोक त्यात आपल्या नोंदी ठेवायचे. नव्या व्हर्जनमध्ये फोनवरच्या डेटाबेसची रचना बदलली होती, सातवरून आठवर. एका टेबलातला वर्गवारीचा रकाना आधी रिकामा चालायचा, तो आता भरलेलाच हवा असं केलं होतं. १ टक्क्यावर सगळं शांत. ५ टक्क्यांवर चार हजार जणांनी उघडलं. अपेक्षित १६, आले २१. वर्गमूळ ४, म्हणजे दुप्पटीच्या पातळीच्याही आत. आम्ही निर्धास्त झालो. त्या २१ मधले नऊ जण एकाच नव्या ओळीवर पडत होते, ते आम्ही उघडून बघितलं नाही:

```
SQLiteConstraintException: NOT NULL constraint failed: records_new.category
```

दुसऱ्या दिवशी आकडा ०.४ वर आला. आम्ही म्हटलं, स्थिरावलं. खरं काय झालं होतं? ज्यांचं अ‍ॅप उघडतच नव्हतं, त्यांनी पहिल्या दिवशी काही वेळा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अ‍ॅप उघडलंच नाही, म्हणून ते अंशातही नव्हते आणि भाजकातही नव्हते. जे उरले ते सगळे ठीक असलेले लोक. पहिल्या दिवसानंतर क्रॅशचं प्रमाण आपोआप सुधारताना दिसलं की मी आता आधी हेच विचारतो: काल ज्यांच्याकडे क्रॅश झालं, त्यातल्या किती जणांनी आज अ‍ॅप नीट उघडलं?

आम्ही २० टक्के केले. तिसऱ्या दिवशी ‘अ‍ॅप उघडतच नाही’ असे निरोप मदत-विभागाकडे येऊ लागले आणि तेव्हा तो गट उघडला. त्यात ऐंशीच्या आसपास माणसं होती आणि सगळी सर्वात जुनी. अ‍ॅपच्या सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये वर्गवारी न निवडता नोंद ठेवता यायची, नंतर ती सक्तीची झाली. ज्यांनी त्या काळात अ‍ॅप घेतलं होतं, त्यांच्याच फोनवर रिकामे रकाने होते. आमचे तपासणीचे फोन दर आठवड्याला पुसून नव्याने भरले जायचे, त्यांवर हा दोष कधीच दिसला नसता. सर्वात निष्ठावान वापरकर्ते, ज्यांच्या सर्वात जास्त नोंदी आमच्याकडे होत्या, नेमके तेच बाहेर अडकले. ते आजही मनाला लागतं.

आम्ही रोलआउट थांबवलं. कन्सोलमध्ये त्यासाठी बटण आहे. तुमची तिप्पटीची पातळी आपोआप लागू व्हावी असं वाटत असेल, तर प्लेच्या डेव्हलपर एपीआयमधून ट्रॅकचा एडिट उघडून हे पाठवायचं आणि एडिट कमिट करायचा:

```json
{
  "releases": [{
    "versionCodes": ["412"],
    "status": "halted"
  }]
}
```

कमिट विसरलं तर काहीही बदलत नाही. हे एकदा निवांत दिवशी करून बघा, पहिला प्रयोग रात्री दोन वाजता होऊ नये.

यानंतर काय होतं ते नीट समजून घ्या. नवीन कुणाला ते व्हर्जन मिळत नाही. उरलेल्यांना आणि नव्याने अ‍ॅप घेणाऱ्यांना आधीचं पूर्ण झालेलं व्हर्जन मिळत राहतं. पण ज्यांच्या फोनवर ते पोहोचलं आहे, त्यांच्याकडे ते तसंच राहतं. गूगल प्ले कुणाचंही व्हर्जन मागे नेत नाही. त्यांना बाहेर काढायचा एकच मार्ग: आणखी मोठा `versionCode` असलेलं नवं व्हर्जन.

आमची दुसरी आणि जास्त मोठी चूक इथे झाली. घाई होती, म्हणून कुणीतरी सुचवलं की जुनाच कोड घ्या, आकडा वाढवा आणि सोडा. जुना कोड तर तावून सुलाखून निघालेला होता! पण ज्यांचं मायग्रेशन व्यवस्थित झालं होतं, त्या हजारो लोकांचा डेटाबेस आता आठवर होता. जुन्या कोडला सातच माहीत होतं. एसक्यूलाइटचा नेहमीचा हेल्पर अशा वेळी काय करतो ते ठरलेलं आहे:

```
SQLiteException: Can't downgrade database from version 8 to 7
```

आधी ऐंशी माणसं अडकली होती. आता आठवर गेलेल्या ज्या कुणाला हे तथाकथित सुरक्षित व्हर्जन मिळालं, त्या प्रत्येकाचं अ‍ॅप उघडताना बंद पडू लागलं. एवढं बरं की तेही आम्ही १० टक्क्यांनाच सोडलं होतं आणि तासाभरात आकडा इतका वर गेला की वाद घालायला जागाच राहिली नाही. रूम लायब्ररी वापरत असाल तर संदेश वेगळा येतो, पण परिणाम तोच. तिथे वरच्या रचनेवरून खालच्या रचनेवर येताना सगळं पुसून टाकायची एक सोय आहे. ती चालू केली की क्रॅश थांबतो आणि लोकांच्या नोंदी जातात. जिथे फोनवरचा डेटा हीच मूळ प्रत आहे, तिथे तो सौदा मी करणार नाही.

म्हणून थांबवल्यावर विचारायचा पहिला प्रश्न: या व्हर्जनने फोनवर असं काही बदललं आहे का, जे जुन्या कोडला वाचता येणार नाही? डेटाबेस, सेटिंग्जची फाइल, साठवलेलं लॉगिन, काहीही. काहीच बदललं नसेल, तर जुना कोड नव्या आकड्याने सोडणं हा सर्वात जलद आणि चांगला उपाय आहे. बदललं असेल, तर रचना आठच ठेवायची आणि फक्त दोष काढायचा. आमच्या बाबतीत तो उपाय `COALESCE` या एका शब्दाचा होता:

```sql
INSERT INTO records_new (id, title, category)
SELECT id, title, COALESCE(category, '')
FROM records;
```

आमचं नशीब एका ठिकाणी चांगलं होतं. हेल्पर रचना बदलण्याचं काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये करतो, त्यामुळे मध्येच चूक झाली की सगळं मागे फिरतं. अडकलेल्या लोकांचा डेटाबेस जसाच्या तसा सातवर होता, नोंदी सुरक्षित होत्या, फक्त दर वेळी अ‍ॅप उघडताना तेच काम पुन्हा सुरू होऊन पुन्हा पडत होतं. सुधारित कोड त्यांच्याकडे पोहोचताच सातवरून आठ नीट झालं. जे आधीच आठवर होते त्यांच्यासाठी ते चाललंच नाही. आणि अ‍ॅप उघडत नसलं तरी प्ले स्टोअर अपडेट उतरवू शकतं, त्यामुळे मार्ग बंद झाला नव्हता.

सुधारित व्हर्जनही टप्प्यानेच सोडायचं, पण इथे वेळ दोन्ही बाजूंनी महाग असतो. ते १०० टक्क्यांवर जात नाही तोवर प्रत्येक अडकलेल्यापर्यंत ते पोहोचेल असं मी धरत नाही. म्हणून नेहमीचे दिवस मी तासांवर आणतो. छोट्या टक्क्यावर तो विशिष्ट गट शून्यावर आला आणि नवा गट उगवला नाही, एवढं दिसलं की पुढे जातो. नव्या बिल्डला स्टोअरची तपासणी लागते आणि तिला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं. थांबवण्याला उशीर न करण्याचं हेही एक कारण.

नेहमीच्या रोलआउटमध्ये मात्र प्रत्येक पायरीवर निदान पूर्ण एक दिवस द्या. रात्रीचे आणि सकाळचे वापरकर्ते सारखे नसतात, आणि काही क्रॅश दुसऱ्यांदा उघडल्यावरच होतात. मी ५, २०, ५०, १०० असा जातो. ५ वर सर्वात जास्त वेळ रेंगाळतो, ५० वर कमी.

स्टोअरने दिलेल्या मर्यादांवर विसंबू नका. अँड्रॉइड व्हायटल्समध्ये वापरकर्त्याला जाणवणाऱ्या क्रॅशसाठी १.०९ टक्के ही वाईट वर्तनाची रेषा आहे, आणि एकाच मॉडेलच्या फोनसाठी ८ टक्के. त्या २८ दिवसांच्या सरासरीवर मोजल्या जातात आणि स्टोअरमध्ये तुमचं अ‍ॅप कसं दिसेल हे ठरवतात. ५ टक्क्यांच्या रोलआउटला ती रेषा शिवायला व्हर्जन भयंकर असावं लागेल. व्हायटल्सचा उपयोग दुसरीकडे आहे: तुमचं क्रॅश नोंदवणारं साधन अ‍ॅपच्या आत चालतं, ते स्वतः सुरू होण्याआधी अ‍ॅप पडलं तर त्याला काहीच कळत नाही. व्हायटल्सची नोंद अँड्रॉइड बाहेरून घेतं. ती उशिरा येते, पण असा आंधळा कोपरा तिच्यात दिसतो. नव्या व्हर्जनचे क्रॅश कमी आणि उघडणारेही अपेक्षेपेक्षा कमी, असं दिसलं तर तिथे बघा.

आयफोनवरही अ‍ॅप असेल तर तिथे टक्केवारी तुमच्या हातात नाही. अ‍ॅपलचं टप्प्याचं वितरण सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५०, १०० असं ठरलेलं आहे. एकूण ३० दिवसांपर्यंत ते थांबवून ठेवता येतं, पण थांबलेलं असतानाही कुणी स्वतः स्टोअरमध्ये जाऊन अपडेट केलं तर त्याला नवं व्हर्जन मिळतंच.

सर्व्हरवरून चालू-बंद करता येणारी नवी सुविधा असेल, तर ती बंद ठेवून व्हर्जन सोडा आणि नंतर थोड्या-थोड्या लोकांना चालू करा, मग दोष दिसताच ती लगेच बंद करता येते. मायग्रेशन, सुरू होतानाचा कोड आणि बदललेल्या लायब्ररी यांना हा उपाय लागू पडत नाही, आणि रोलआउटमधले वाईट दिवस बहुतेक त्यांच्यामुळेच येतात. अशा व्हर्जनसाठी मी आता दोन गोष्टी आधी करतो. एक तपासणीचा फोन कधीच पुसत नाही, त्यावर अगदी पहिल्या व्हर्जनपासूनचा डेटा अपडेटमागून अपडेट पुढे येत राहतो. आणि मायग्रेशन सुरू झालं, पूर्ण झालं, अशा दोन नोंदी सर्व्हरकडे पाठवतो. सुरू झालेले आणि पूर्ण झालेले यांतला फरक म्हणजे अडकलेली माणसं. ती दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडोत किंवा न उघडोत, त्या मोजणीतून गायब होत नाहीत. त्या वेळी सुधारित व्हर्जनमध्ये आम्ही हीच मोजणी टाकली होती. जुन्या गटात ज्यांची नोंद होती, त्यातले बरेच जण आठवड्याभरात ‘पूर्ण झालं’ मध्ये दिसले. काही जण दिसले नाहीत. त्यांनी बहुधा अ‍ॅपच काढून टाकलं होतं.